जुळलेल्या तेरजेच्या पोटात

"शेठ, तेरीज जुळली!" मार्चअखेरच्या धावपळीत हिशेबनिसाच्या तोंडून हे तीन शब्द आले की छोट्या दुकानाचा मालक निर्धास्त होतो. नावे बाजूची बेरीज आणि जमा बाजूची बेरीज पैशाला पैसा लागली, म्हणजे वर्षभराचा हिशेब बरोबर, असे तो धरून चालतो. वह्या मिटतात, चहा येतो, आणि आकडे कर सल्लागाराकडे किंवा बँकेत कर्जाच्या अर्जासोबत रवाना होतात.

तेरीज मात्र एवढे मोठे आश्वासन देतच नाही. तिला एकच गोष्ट सांगता येते: खतावणीत जेवढी रक्कम नावे पडली, तेवढीच जमाही पडली आहे. ती रक्कम योग्य खात्यावर पडली का, योग्य आकड्याने पडली का, आणि जी पडायला हवी होती ती पडली तरी का, याविषयी ती गप्प असते.

हे गप्प राहणे तिच्या रचनेतच आहे. दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी, सारख्याच रकमेने लिहिला जातो. पाच हजारांचा माल उधारीवर आला, तर खरेदी खाते पाच हजारांनी नावे आणि व्यापाऱ्याचे खाते पाच हजारांनी जमा. कीर्दीतून खतावणीत नोंदी उतरल्या की प्रत्येक खात्याची शिल्लक काढायची, नावे शिल्लका एका रकान्यात, जमा शिल्लका दुसऱ्यात, आणि खाली दोन बेरजा. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांच्या या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले. जुनी खतावणी बंद करताना सगळी नावे एकीकडे आणि सगळी जमा दुसरीकडे मांडून ताडून पाहण्याची चाचणीही त्यात आहे. आज अकरावी वाणिज्यचा विद्यार्थी तेरजेच्या धड्यात शिकतो ती चाचणी मूळात हीच.

आता एखादी चूकसुद्धा दोन्हीकडे सारख्याच रकमेने पडली, किंवा दोन्हीकडे पडलीच नाही, तर बेरजांत फरक कशाचा येणार?

हे आकड्यांत पाहिलेले बरे. तालुक्याच्या गावातले विजेच्या सामानाचे एक दुकान डोळ्यांसमोर आणू. पंखे, वायर, बल्ब, स्विच, थोडे पाइप. दुकान काल्पनिक आहे, पण त्यातल्या चुका कोणत्याही बाजारपेठेत सापडतील अशा आहेत. वर्षाची उलाढाल पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. फक्त मालाची आणि राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे या दुकानाच्या वहीत कराची वेगळी खाती नाहीत. मालावर भरलेला कर मालाच्या किमतीतच धरलेला आहे. वह्या हाताने लिहिल्या जातात. लिहिणारा हिशेबनीस आठवड्यातून तीन संध्याकाळी येतो. ३१ मार्चला त्याने मांडलेली तेरीज अशी:

| खाते | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| रोख | ३८,००० | |
| बँक | १,१२,००० | |
| सुरुवातीचा माल | ४,२०,००० | |
| खरेदी | २१,६०,००० | |
| पगार | १,८०,००० | |
| दुकानभाडे | १,५३,००० | |
| वीज व किरकोळ खर्च | ७०,००० | |
| फर्निचर | १,२०,००० | |
| गिऱ्हाइकांकडून येणे | २,१५,००० | |
| मालकाची उचल | २,४०,००० | |
| विक्री | | २७,६९,००० |
| व्यापाऱ्यांचे देणे | | ३,०५,००० |
| भांडवल | | ६,३४,००० |
| एकूण | ३७,०८,००० | ३७,०८,००० |

जुळली. वर्षअखेर मोजलेला माल ४,४०,००० रुपयांचा निघाला. घसारा वगैरे तूर्त बाजूला ठेवला, तर ढोबळ नफा ६,२९,००० आणि सगळे खर्च वजा जाता निव्वळ नफा २,२६,००० रुपये. या आकड्यांवरून ताळेबंद मांडला तर तोही ९,२५,००० वर दोन्ही बाजूंनी बसतो. कागदावर कुठेही खोट दिसत नाही.

प्रत्यक्षात या तेरजेत पाच ठिकाणी गडबड आहे.

पहिली गडबड न लिहिलेल्या बिलाची. २९ मार्चला घाऊक व्यापाऱ्याचा टेंपो आला आणि ३८,००० रुपयांची वायरची बंडले उतरली. बिल टेंपोवाल्याने दुकानातल्या पोराच्या हातात दिले, पोराने ते गल्ल्याखालच्या खणात सारले आणि ते तिथेच राहिले. हिशेबनिसाला बिल दिसलेच नाही. त्यामुळे खरेदी खाते ३८,००० ने नावे पडले नाही आणि व्यापाऱ्याचे खाते ३८,००० ने जमाही पडले नाही. दोन्ही रकाने सारखेच तोकडे राहिले, म्हणून तेरजेला काहीच खटकले नाही.

पण बंडले तर मांडणीवर होती! ३१ मार्चला माल मोजताना ती मोजली गेली आणि ४,४०,००० च्या आकड्यात बसली. माल हिशेबात आला, त्याची किंमत बाहेर राहिली, आणि नफा ३८,००० ने फुगला. तीच बंडले मोजायचीही राहिली असती, तर नफ्यावर काही परिणाम झाला नसता; फक्त माल आणि देणे दोन्ही कमी दिसले असते. म्हणजे बिल विसरण्याच्या एकाच चुकीचे परिणाम माल कधी मोजला यावर बदलतात. शिवाय ही चूक एका वर्षात संपत नाही. एप्रिलमध्ये खण साफ करताना बिल सापडते, हिशेबनीस ते नव्या वर्षाच्या खरेदीत घालतो, आणि पुढच्या वर्षाचा नफा तेवढाच खाली जातो. मालकाला वाटते, यंदा धंदा बसला.

दुसरी गडबड उलट्या दिशेची. जूनमध्ये दुकानात नवी लोखंडी मांडणी आणि काचेचे कपाट बसवले. फॅब्रिकेशनवाल्याचे बिल ५२,००० चे. हिशेबनिसाची सवय अशी की दुकानाच्या नावाने आलेले प्रत्येक बिल खरेदी खात्यावर. पण खरेदी खाते फक्त विकायला आणलेल्या मालासाठी असते. मांडणी विकायची नाही, ती अनेक वर्षे वापरायची आहे. ती फर्निचर खात्यावर नावे पडायला हवी. रक्कम बरोबर, बाजूही बरोबर, खाते तेवढे चुकीच्या जातीचे. पुस्तपालनात या प्रकाराला तात्त्विक चूक म्हणतात आणि तेरजेला ती ओळखण्याचे काही साधनच नाही, कारण तिच्या दृष्टीने खरेदी काय आणि फर्निचर काय, दोन्ही नावे रकान्यातलेच. इथे एका वर्षाचा नफा ५२,००० ने खाली ओढला गेला आणि दुकानाची मालमत्ता तेवढीच कमी दिसली. कर्ज मागायला गेल्यावर बँकेला हाच आकडा दिसणार.

तिसरी गडबड याच जातीची, फक्त अधिक घरगुती. मालकाने मुलाची शाळेची फी, २४,००० रुपये, दुकानाच्या चालू खात्यातून यूपीआयने भरली. बँकेच्या उताऱ्यात नुसता एक लांबलचक क्रमांक आणि शाळेचे अर्धवट नाव. हिशेबनिसाने ते किरकोळ खर्चात टाकले. खरे तर ती मालकाची उचल. दुकानाच्या खर्चाशी तिचा संबंध नाही. छोट्या दुकानात घर आणि गल्ला यांच्यात भिंत नसते. डाळ-तांदूळ, विम्याचा हप्ता, मोटारसायकलचे पेट्रोल, पाहुण्यांचा आहेर, सगळे एकाच ड्रॉवरमधून जाते. त्यामुळे या प्रकारची चूक सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात कमी शोधली जाते, कारण मालकालाच ती चूक वाटत नाही.

चौथी गडबड दोन चुकांची मिळून आहे, आणि ती जरा निवांत पाहण्यासारखी आहे.

दुकानाचे भाडे महिना १२,०००. नोव्हेंबरचा चेक रोजमेळात १२,००० असाच लिहिला गेला. पण खतावणीत भाडे खात्यावर उतरवताना हिशेबनिसाच्या हातून २१,००० पडले. नावे बाजू ९,००० ने जड झाली. एवढेच असते तर तेरीज अडली असती आणि चूक सापडली असती. पण त्याच वर्षी उधार विक्रीच्या पुस्तकात एका पानाखालची बेरीज ४५,००० होती, ती पुढच्या पानाच्या माथ्यावर ५४,००० अशी ओढली गेली. गिऱ्हाइकांची खाती एकेका बिलावरून लिहिलेली, त्यामुळे ती बरोबर राहिली. विक्री खाते मात्र पुस्तकाच्या एकूण बेरजेवरून लिहितात, त्यामुळे ते ९,००० ने जास्त जमा झाले. आता जमा बाजूही ९,००० ने जड. दोन चुकांनी एकमेकींना झाकले.

असा योगायोग घडणे अवघड वाटते, पण तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. आकड्यातले शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. १२ आणि २१, २३ आणि ३२, ३४ आणि ४३, ४५ आणि ५४, प्रत्येक जोडीत फरक बरोबर नऊचा. छोट्या दुकानाच्या वहीत हजारांच्या गोल रकमा पुष्कळ असतात, आणि घाईत लिहिणारा माणूस अंकांची अदलाबदल करतोच. त्यामुळे दोन वेगवेगळ्या पानांवरच्या दोन वेगवेगळ्या चुका बरोबर ९,००० वर भेटण्याची शक्यता कागदावर दिसते त्यापेक्षा बरीच जास्त असते.

जुने मुनीम ही नऊची खूण उलट्या कामी वापरत. तेरजेत फरक आला की आधी त्याला दोनाने भागून पाहायचे: निम्म्या रकमेची एखादी नोंद चुकीच्या बाजूला पडली असेल, तर फरक तिच्या दुप्पट येतो. मग नऊने भागून पाहायचे: नि:शेष भाग गेला तर कुठेतरी अंक उलटले असण्याचा संशय घ्यायचा. दोन्ही युक्त्या उत्तम आहेत, पण दोन्हींना आधी फरक लागतो. फरक शून्य असेल तिथे भागायला काहीच उरत नाही.

फरक आपोआप शून्य होतो तसा तो मुद्दाम शून्य केलाही जातो. रात्रीचे अकरा वाजले आहेत, बेरजेत ३५० रुपयांचा फरक आहे, उद्या कागद द्यायचे आहेत. अशा वेळी किरकोळ खर्चात ३५० वाढवून तेरीज 'बसवण्याचा' मोह किती जणांनी टाळला असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. नियमाप्रमाणे चालणारा हिशेबनीस फरकाची रक्कम उचंत खात्यावर टाकतो आणि नंतर चूक शोधून ते खाते मिटवतो. हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण फरक उघड दिसत राहतो. पण वर्षानुवर्षे तसेच पडून राहिलेले उचंत खाते तेरजेत दिसले, तर ती तेरीज जुळली असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

पाचव्या गडबडीने नफ्यात एका पैचाही फरक पडला नाही, पण भांडण मात्र तिनेच लावले. दुकानाच्या उधारीच्या वहीत दोन पाटील आहेत, एक वायरमन आणि एक इमारतीचा ठेकेदार. वायरमन पाटलांनी १५,००० रुपये आणून दिले आणि ते ठेकेदार पाटलांच्या खात्यावर जमा झाले. गिऱ्हाइकांकडचे एकूण येणे २,१५,००० होते तेवढेच राहिले, तेरीज जागची हलली नाही. दिवाळीआधी वसुलीचा फोन मात्र वायरमनला गेला. "अहो शेठ, पैसे देऊन तीन महिने झाले की!" असे तो म्हणाला आणि चूक सापडली. यात एक मेख आहे. ज्याच्या नावावर जास्त उधारी दिसते तो ओरडतो. ज्याच्या नावावर कमी दिसते तो बहुधा गप्प बसतो. म्हणून अशा चुकीचे एकच टोक आपणहून वर येते. वायरमनने तक्रार केली नसती, तर ठेकेदाराकडचे १५,००० कायमचे बुडाले असते.

आता सगळी दुरुस्ती करून पाहू. राहिलेल्या बिलाचे ३८,००० खरेदीत आणि देण्यात घातले. मांडणीचे ५२,००० खरेदीतून काढून फर्निचरमध्ये नेले. फीचे २४,००० उचलीत नेले. भाडे आणि विक्री प्रत्येकी ९,००० ने खाली आणले. पाटलांची खाती आपसात सारखी केली. निव्वळ नफा २,६४,००० रुपये निघतो, आधीच्यापेक्षा ३८,००० जास्त. हा ३८,००० चा आकडा आणि विसरलेल्या बिलाचा आकडा सारखा आला तो निव्वळ योगायोग: ५२,००० आणि २४,००० मिळवा, ३८,००० वजा करा. दुरुस्त तेरीज ३७,३७,००० वर जुळते. चुकांनी भरलेली तेरीज जुळली होती, दुरुस्त केलेलीही जुळली.

याहून चकवणारी गोष्ट ढोबळ नफ्याच्या टक्केवारीची आहे. अनुभवी मालक आणि कर सल्लागार ही टक्केवारी दरवर्षी ताडून पाहतात; विक्रीवर साधारण किती नफा सुटतो याचा अंदाज त्यांना असतो, आणि टक्केवारी एकदम घसरली किंवा चढली तर ते कारण शोधतात. चांगली सवय आहे. पण या दुकानात ती कामी आली नसती. चुकीच्या हिशेबात टक्केवारी २२.७, दुरुस्त हिशेबात २३. विसरलेल्या बिलाने नफा वर ढकलला, मांडणीने खाली ओढला, आणि टक्केवारी जवळपास जागेवरच राहिली.

मग या चुका सापडतात कशा? वहीच्या आत कितीही बेरजा मारून त्यातल्या बऱ्याच सापडणार नाहीत. वहीतला आकडा दुकानाबाहेरच्या कोणीतरी लिहिलेल्या कागदाशी, किंवा हाताने मोजता येणाऱ्या वस्तूशी लावून पाहावा लागतो.

विसरलेल्या बिलासाठी सर्वांत खात्रीचा कागद म्हणजे व्यापाऱ्याकडून मागवलेला ३१ मार्चअखेरचा खातेउतारा. समजा दुकानाच्या वहीत या व्यापाऱ्याचे देणे १,०५,००० आहे आणि त्याच्या उताऱ्यात १,४३,००० येणे दिसते. फरक ३८,०००. उताऱ्यातली शेवटची चार-पाच बिले आणि वहीतली शेवटची चार-पाच बिले समोरासमोर धरली की राहिलेले बिल पाच मिनिटांत हाती लागते. मात्र फरक दिसला की दरवेळी चूक दुकानाचीच असते असे नाही. दुकानाने ३० मार्चला पाठवलेला चेक व्यापाऱ्याने २ एप्रिलला जमा धरला असेल, किंवा परत पाठवलेल्या मालाची क्रेडिट नोट त्याच्याकडे पडून असेल. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाला आणखी एक सोय आहे. व्यापाऱ्यांनी सरकारी संकेतस्थळावर भरलेल्या बिलांची यादी जीएसटीआर-२बी या विवरणात पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार मिळते. ती खरेदीच्या पुस्तकाशी ताडली की दुकानात हरवलेले बिल तिथे हजर असते. अर्थात व्यापारी नोंदणीकृत असला आणि त्याने विवरण वेळेत भरले असले तरच.

मांडणीसारखी चूक शोधायची तर खरेदी खाते वरून खाली नुसते वाचायचे. बेरीज करायची नाही, नावे वाचायची. विजेच्या सामानाच्या दुकानात वर्षभर तीच दहा-बारा घाऊक व्यापाऱ्यांची नावे फिरून फिरून येतात. त्यात एकदाच उगवलेले फॅब्रिकेशनवाल्याचे नाव डोळ्यांत भरते. फीसारख्या नोंदीसाठी खर्चाचे खाते महिन्यांत फोडून पाहायचे. वीज आणि किरकोळ मिळून महिन्याला सरासरी पावणेचार-चार हजार जातात आणि एका जूनमध्ये एकदम अठ्ठावीस हजार, तर त्या जूनला प्रश्न विचारायला हवा.

भाड्यासाठी तर पाढा पुरतो. बारा हजार गुणिले बारा, एक लाख चव्वेचाळीस हजार. वहीत १,५३,००० दिसतात म्हणजे काहीतरी बिनसले आहे. गंमत अशी की बँकेच्या उताऱ्याशी जुळवणी केली असती तरी ही चूक सापडली नसती, कारण रोजमेळात १२,००० बरोबरच होते. घसरण झाली ती खतावणीत उतरवताना. भाडे, पगार, कर्जाचा हप्ता हे ठरलेल्या रकमेचे खर्च म्हणून फार उपयोगी पडतात. त्यांचे उत्तर आधीच माहीत असते. आणि एकदा भाड्यात ९,००० जास्त निघाले, की तेरीज जुळलेली असल्याने दुसरीकडे आणखी ९,००० चुकलेच असणार हे उघड होते. इथे जुळलेली तेरीज उलट मदतीला येते: एक चूक सापडली की तिच्या जोडीदाराची रक्कम तीच सांगते.

हे सगळे हाताने लिहिलेल्या वहीतले झाले, संगणकावर अशी भानगड उरत नाही, असे पुष्कळांना वाटते. निम्मे खरे आहे. टॅलीसारख्या प्रणालीत नावे आणि जमा रकमा सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही, आणि खतावणी व बेरजा यंत्रच करते. त्यामुळे बारा हजारांचे एकवीस होणे किंवा पानाची बेरीज चुकीची ओढली जाणे हे प्रकार जवळपास संपले. सुरुवातीच्या शिल्लका भरताना चूक झाली तर तेवढा फरक पडद्यावर वेगळा दिसतो. बाकी तेरीज कायम जुळलेली. पण ज्या चाचणीत नापास होताच येत नाही, तिच्यात पास होण्याला किंमत काय? संगणकाने ज्या चुका संपवल्या त्या तेरीज पकडू शकत होती त्याच जातीच्या होत्या. न लिहिलेले बिल, फर्निचर खरेदीत टाकणे, फी खर्चात घालणे या चुका तशाच राहिल्या. पाटलांचा घोटाळा तर सोपा झाला. 'पाटील' टाइप केले की सगळ्या पाटलांची यादी उघडते, वरचा पाटील निवडलेलाच असतो, आणि बोट सवयीने एंटरवर पडते. यावर स्वस्त उपाय म्हणजे खात्याच्या नावात गाव, धंदा किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे घालणे, आणि दर महिन्याला प्रत्येक उधारी गिऱ्हाइकाला त्याची शिल्लक मोबाइलवर पाठवणे. कमी शिल्लक दिसलेला ठेकेदारही कधीकधी प्रामाणिकपणे "माझे आणखी आहेत" म्हणून कळवतो. निदान वायरमनला दिवाळीपर्यंत थांबावे लागत नाही.

बऱ्याच छोट्या दुकानांत हे कष्ट घेतले जात नाहीत, त्याला एक व्यवहारी कारण आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ४४एडी कलमाने दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या पात्र धंद्यांना उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा गृहीत धरून कर भरण्याची मुभा दिली. या वाटेने जाणाऱ्याचा कर वहीतल्या नफ्यावर ठरत नाही, म्हणून वहीची फिकीरही कमी. पण पुढच्या वर्षी किती माल भरायचा, दुसरा माणूस कामावर ठेवायला परवडेल का, घरखर्चाला महिना किती काढायचा, हे मालक त्याच वहीवरून ठरवतो.

इतके करूनही एक प्रकार सुटतोच. काउंटरवरच्या माणसाने पंखा रोखीने विकला, बिल केले नाही आणि पैसे खिशात घातले, तर कीर्द, खतावणी, बँकेचा उतारा, व्यापाऱ्याचा खातेउतारा यांपैकी कशातही त्याचा माग उरत नाही. गल्ल्यातली रोख मोजली तरी ती वहीशी जुळते, कारण दोन्हीकडे तो व्यवहार नाही. नफ्याच्या टक्केवारीवर किंचित ओरखडा उठेल, पण एकदोन पंख्यांनी तो दिसण्याइतका मोठा होत नाही. इथे रुपयांची वही बाजूला ठेवून नगांची वही उघडावी लागते. एका ठरावीक बनावटीचे, ठरावीक वॅटचे एलईडी बल्ब वर्षात ४८ आले, आधीचा एकही शिल्लक नव्हता, बिलांवर ३१ विकलेले दिसतात, तर मांडणीवर १७ हवेत. मोजले तर १२ भरतात. उरलेले पाच फुटले असतील, वॉरंटीत बदलून देऊन जुने परत यायचे असतील, मालकाच्याच घरी लागले असतील, किंवा बिलाशिवाय गेले असतील. त्यातले कोणते, हे विचारूनच कळते. दुकानातल्या शेकडो वस्तूंची अशी मोजणी रोज करणे शक्य नाही, म्हणून जाणते दुकानदार महाग, लहान आकाराच्या आणि पटकन विकल्या जाणाऱ्या दहा-वीस वस्तू निवडतात आणि न सांगता, महिन्यातल्या वेगवेगळ्या दिवशी, त्यांतल्या तीनचार मोजून घेतात.